तिसरा मुद्दा

शुक्रवार, फोंडा

आमचा शोधलेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला पाठवायचं उत्तर आज लिहून झालं. ते कोण आहेत हे आम्हाला कधी कळणार नाही, आभार पोचतील ते संपादकांमार्फतच. म्हणून नुसतं 'मौलिक सूचनांबद्दल आभारी आहोत' लिहून थांबावंसं वाटेना. त्यांच्या कुठल्या वाक्याने लेखात काय बदललं, हे त्यांना दिसायला हवं.

लेख खाजन शेतांतल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांतल्या, मातीच्या खारेपणावर आहे. एक भाग माती, दोन भाग पाणी, नीट ढवळायचं आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, ही आमची पद्धत. निकाल आम्ही माती खारी ठरवण्याच्या ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर या नेहमीच्या मर्यादेशी ताडून पाहिले होते. तिसऱ्या मुद्द्यात त्यांनी लिहिलं की ही मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्कासाठी ठरलेली आहे. त्यावर थांबले नाहीत, हिशेबही मांडून दाखवला. १०० ग्रॅम चिकण मातीचा लगदा व्हायला साधारण ७० मिली पाणी पुरतं, आपण घालतो २०० मिली. क्षार तेवढेच, पाणी जवळजवळ तिप्पट. म्हणजे आमच्या मीटरवर दीड दिसणारी माती प्रत्यक्षात मर्यादेपलीकडे असू शकते. सरसकट तिनाने गुणून मात्र भागत नाही. पोत बदलला की लगद्याला लागणारं पाणी बदलतं आणि जिप्सम असेल तर जादा पाण्यात तेही जास्त विरघळतं.

उपायही त्यांनीच सुचवला: थोड्या नमुन्यांवर दोन्ही पद्धती वापरा आणि आपल्याच मातीसाठी नातं काढा. मग लगदे केले. ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालत मळत राहायचं. पृष्ठभाग चकाकला पाहिजे, सुरीवरून लगदा अलगद घसरला पाहिजे, पण वर पाणी साचता कामा नये. रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी पुन्हा बघायचा. पाणी वर आलं असेल तर सुकी माती घालायची, घट्ट झाला असेल तर पाणी. मग निर्वात पंपावर गाळून अर्क घ्यायचा. मानशीजवळची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची, चिकण माती आणि बांधाकडची रेताड माती यांच्या रेषा वेगळ्या आल्या. त्या आता लेखात स्वतंत्र आकृती म्हणून आहेत.

उत्तरात त्यांचा प्रत्येक मुद्दा शब्दशः उतरवून त्याखाली बदललेल्या ओळींचे क्रमांक दिले आहेत. एका ठिकाणी नकार कळवला. पावसाळ्यातले नमुनेही जोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते रास्त आहे, पण आमचे नमुने उन्हाळ्यातले आहेत आणि जूननंतर गोड्या पाण्याने क्षार धुऊन जातात, म्हणून निष्कर्ष फक्त कोरड्या ऋतूपुरते ठेवले आणि तसं शीर्षकातच लिहिलं. इतक्या बारकाईने वाचणाऱ्या माणसाला आढेवेढे न घेता कारण सांगणं, हाही माझ्या मते आभाराचाच भाग.

ऋणनिर्देशात ओळ घातली आहे: 'संपृक्त अर्काशी तुलना करण्याची सूचना एका अनामिक रिव्ह्यूअरची.' संपादकांनी ती तशीच ठेवावी, एवढी विनंती पत्राच्या शेवटी केली आहे.