मजकुरातल्या चांदण्या

फोंड्यातील एका मिठाईच्या दुकानाच्या जाहिरातींचा मजकूर मी पणजीत बसून लिहिते. गेल्या चतुर्थीच्या दहा दिवस आधी नेवऱ्या आणि मोदकांच्या आगाऊ नोंदणीसाठी मी जवळजवळ दीडशे शब्दांचा मजकूर तयार केला, व्हॉट्सॲपवर पाठवून मालककाकांची संमती घेतली आणि तिथूनच उचलून इन्स्टाग्रामवर टाकला. दुपारी काकांचा फोन आला. "अगो, सकाळपासून सगळे एकच विचारतायत, नोंदणी कधीपर्यंत? तू लिहिलंच नाहीस काय?"

लिहिले होते, परंतु मी ते लॅपटॉपवर वाचले होते. संध्याकाळी दुकानात जाऊन काकांच्या फोनवर पोस्ट उघडली, तेव्हा "गणरायाच्या आगमनाची चाहूल लागताच घराघरांत..." एवढेच दिसले आणि पुढे `more` आले. त्यावर बोट ठेवल्यावर एकसलग परिच्छेद उघडला. शेवटची तारीख त्याच्या पोटात कुठेतरी होती. पदार्थांचे दर एकाखाली एक यावेत म्हणून मी स्पेसबार दाबून सोडलेल्या जागांचाही फज्जा उडाला होता, कारण काकांनी अक्षरे मोठी ठेवली असल्याने पदार्थ एका ओळीत आणि त्याचा दर खालच्या ओळीत गेला होता.

शिवाय `*शनिवारपर्यंत*` हा शब्द दोन्ही बाजूंच्या चांदण्यांसह तसाच उभा होता. व्हॉट्सॲप त्या खुणांमधला शब्द ठळक करते. इन्स्टाग्रामच्या मजकुरात ती सोयच नाही. ठळक अक्षरे बनवून देणारी संकेतस्थळे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी युनिकोडमधील गणिती चिन्हे बसवतात. देवनागरीसाठी तशी चिन्हे नाहीत, आणि रोमनमध्येही स्क्रीन वाचून दाखवणारी साधने त्यांच्यापाशी बऱ्याचदा अडखळतात. मला तर ती दिखाऊच वाटतात.

तेव्हा ठळकपणा जागेतूनच आणावा लागणार होता. काउंटरपाशी बसून मी तोच मजकूर संपादित केला आणि प्रस्तावना, जिच्यावर मी खरे तर सर्वाधिक वेळ घालवला होता, तळाशी नेली. आता सुरुवात अशी झाली:

```
नेवऱ्या-मोदकांची नोंदणी
शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत.

नेवऱ्या: १ किंवा २ डझन
मोदक: ११ किंवा २१

नोंदणी: दुकानात किंवा फोनवर
```

पहिल्या वाक्यानंतरची रिकामी ओळ मी मुद्दाम सोडली, कारण चारही बाजूंनी मोकळे असलेले वाक्य नजर आपोआप उचलते. मात्र प्रत्येक ओळीनंतर अशी जागा सोडली असती, तर कोणती ओळ कोणत्या गटातली हे कळले नसते. म्हणून दोन पदार्थ एकमेकांना चिकटून ठेवले. पदार्थ आणि संख्या यांच्यामध्ये विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांखेरीज काही ठेवले नाही, म्हणजे ओळ मोडली तरी अर्थ मोडत नाही. बदल जपून ठेवल्यावर पोस्ट काकांच्याच फोनवर पुन्हा उघडून पाहिली.

दुसऱ्या दिवशीही फोन वाजतच होते. "आता विचारतायत, सारण ओल्या नारळाचं की सुक्या खोबऱ्याचं," काका म्हणाले. ते मात्र मी खरोखरच लिहिले नव्हते.