व्हिएन्नाहून आलेला फोटो

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी ओळखीतल्या काकूंचा व्हिएन्नाहून फोन आला. काका हॉटेलच्या पायऱ्यांवर पडले होते, मनगट सुजलं होतं. टूर मॅनेजर बाकीच्यांना घेऊन बसने पुढे गेलेला. "विम्याचा कागद इंग्रजीत आहे गं, फोटो पाठवते, मराठीत सांग." मी भाषांतराचंच काम करते, म्हणून त्यांना माझी आठवण झाली.

फोटो तिरका होता. "वैद्यकीय खर्च ५०,००० युरोपर्यंत" हे दिसत होतं, पण आकड्यावर तारा होता आणि तळटीप कापली गेली होती. अशा वेळी दिसतं तेवढ्याचं भाषांतर करून मोकळं होणं धोक्याचं. मी पानाचा खालचा भाग उजेडात, सरळ धरून पुन्हा मागितला. तळटीप निघाली: साठीपुढच्या माणसांना आजारांसाठी वेगळी, कमी मर्यादा. काका ६८ वर्षांचे; पण हा अपघात होता, त्याला ती लागू नव्हती.

काकूंची खरी भीती वेगळीच होती. "यांना मधुमेह आहे, मग काहीच मिळणार नाही ना?" अपवादांमधलं ते वाक्य लांबलचक होतं आणि मध्ये एक 'unless' होतं. मी त्याचे तुकडे केले: आधीपासूनच्या आजारावरच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, मात्र त्याच आजाराने जीव धोक्यात आला, तर तेवढ्यापुरते तातडीचे उपचार मिळतील. पाय घसरून दुखावलेल्या मनगटाचा मधुमेहाशी संबंध नव्हता. तरी मी विचारलं, "अर्जात मधुमेह लिहिला होता ना?" लिहिला होता. मला हायसं वाटलं, कारण तो लपवला असता, तर कंपनी त्यावरूनच दावा अडवू शकली असती.

'Deductible' या शब्दापाशी मात्र मी थांबले. 'वजावट' म्हटलं की आपल्याकडे प्राप्तिकरच आठवतो. मी लिहिलं: "पहिले १०० युरो तुमचे, त्यापुढचे कंपनीचे."

दाव्याच्या पायऱ्यांत सगळ्यात आधी मदत केंद्राला फोन करायचा होता. काकू थेट टॅक्सीत बसायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवून मी पॉलिसी क्रमांक आणि पासपोर्ट हाताशी ठेवायला सांगितलं, कॉन्फरन्स कॉलवर मी बोलले आणि संदर्भ क्रमांक लिहून घेतला. भरती व्हायची गरज नसल्याने बिल आधी स्वतः भरायचं, असं तिथून कळलं. मग मी काकूंना मराठीत यादी पाठवली: डॉक्टरांचा अहवाल, एक्स-रेचा रिपोर्ट, मूळ बिल, पैसे भरल्याची पावती. अहवालात "पडल्यामुळे" हे कारण आलंय का, तेही बघायला सांगितलं. अपघात आहे हे त्यावरूनच ठरतं. कागद जर्मनमध्ये मिळाले, तर इंग्रजीत मागून बघा, असंही लिहिलं.

बिल ४६० युरो झालं. परतल्यावर मुदतीत अर्ज गेला आणि ३६० युरोंचे रुपये काकांच्या खात्यात जमा झाले. काकूंनी फोन करून पहिल्यांदा हेच सांगितलं, "शंभर कापले, तू म्हणालीस तसेच."