पेन्सिलीची खूण आणि छप्पन्न नावे

प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार.

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असे निमंत्रण आले, तेव्हा गेल्या डिसेंबरात तू घडवून आणलेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्याखेरीज दुसरे काही मनात येईना. त्या दिवशी निरोप घेताना सगळ्यांनीच तुझे आभार मानले, पण ते घाईत, चपला शोधता शोधता मानलेले आभार होते. तू नेमके काय केलेस हे बहुतेकांना अजूनही ठाऊक नाही. ते या पानांवर नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या तुकड्यांनाही उपयोग होईल, या हेतूने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपण १९८७ साली दहावी झालो. मेळावा घ्यायचे ठरल्यावर तू आधी, सगळेच करतात तसे, दहावीच्या निकालाची यादी मिळवलीस आणि ती घेऊन सांगलीच्या विश्रामबागेत आपल्या वर्गशिक्षक सरांच्या घरी गेलास. सरांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "बाकीची मुले कुठे आहेत?" आठवीला आपल्या वर्गात छप्पन्न मुले होती आणि निकालाच्या यादीत पन्नासच नावे होती. मधल्या सहा जणांनी शाळा सोडली होती. सर म्हणाले, "वर्ग म्हणजे माझ्या कॅटलॉगमधली नावे. पास झालेल्यांची यादी म्हणजे वर्ग नव्हे." त्या एका वाक्याने तुझे काम कितीतरी पटींनी वाढले, आणि तरीही तू ते वाक्य प्रमाण मानलेस, यासाठी मी तुझा सर्वांत जास्त ऋणी आहे.

सरांच्या कॅटलॉगशी माझे नाते जुने आहे. मी सांगलवाडीहून आयर्विन पुलावरून चालत शाळेत येत असे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की घरातली भांडीकुंडी, जनावरे हलवण्यात सकाळ जाई आणि मला शाळेत पोहोचायला दुसरा तास उजाडे. सर हजेरी घेताना हजर मुलांपुढे शाईने खूण करीत, पण गैरहजर मुलापुढे पेन्सिलीने बारीक टिंब देत आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते तसेच ठेवीत. एका जुलैमध्ये मी भिजून, दप्तर डोक्यावर घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. कॅटलॉग उघडला, एकतीस क्रमांकापुढचे टिंब खोडरबराने पुसले, शाईची खूण केली आणि फळ्याकडे वळून अर्धवट राहिलेले प्रमेय पुढे सुरू केले. आपल्यासाठी कोणीतरी जागा धरून ठेवली आहे, ही जाणीव मला त्या खोडरबराने दिली. पुढे मी पाटबंधाऱ्याच्या कामात अभियंता झालो, नदीची पातळी मोजण्यातच नोकरी गेली, आणि आजही पुण्यात बसून ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्यावर गेल्याचे वाचले की मला आधी ते टिंब आठवते.

यादी परत कशी उभी राहिली, ते आता सांगतो. हजेरीचे कॅटलॉग काही वर्षांनी रद्दीत जातात. कायमचे जपले जाते ते जनरल रजिस्टर. पण त्यात प्रवेशाच्या क्रमाने नावे असतात. जून १९८४ मध्ये आठवीत आलेली तिन्ही तुकड्यांची मुले एकापाठोपाठ एक नोंदलेली, त्यातली 'ब' तुकडीची कोणती हे नुसत्या रजिस्टरवरून उलगडेना. तेव्हा सरांनी डोळे मिटून हजेरी म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन असे क्रमांक आणि त्यापुढे पूर्ण नाव, त्याच चालीत. पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाने एकोणपन्नास नावे क्रमवार सांगितली आणि सात क्रमांकांवर ते अडले. तू ते सात क्रमांक कोरे ठेवलेस. आपले हजेरी क्रमांक आधी मुले आणि मग मुली असे, आडनावांच्या अक्षरक्रमाने दिलेले होते, हे तुझ्या लक्षात होते. म्हणजे तेविसावे नाव आठवत नसले, तरी बाविसावे 'मा'ने आणि चोविसावे 'मो'ने सुरू होत असेल, तर हरवलेले आडनाव त्या दोन अक्षरांच्या मधलेच असले पाहिजे. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने, कार्यालयातच बसून, तू रजिस्टरमध्ये तेवढीच आडनावे पाहिलीस आणि प्रत्येक जागेसाठी दोन-तीन नावे काढून सरांना वाचून दाखवलीस. योग्य नाव कानावर पडताच सर लगेच "हाच" म्हणत. अशा रीतीने छप्पन्न नावे पुरी झाली. २०१९ च्या महापुरात गावभागात किती घरांतले कागदपत्र लगदा होऊन गेले हे आपण पाहिले आहे. आपले रजिस्टर वरच्या मजल्यावरच्या कपाटात होते म्हणून वाचले.

नाव मिळाले म्हणजे माणूस मिळाला असे होत नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण लग्नानंतर आडनाव बदलते आणि पुष्कळ ठिकाणी पहिले नावही. जनरल रजिस्टरात पत्ताही नसतो. त्यात जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण अशा नोंदी असतात. आपली एक्केचाळीस क्रमांकाची मैत्रीण नववीनंतर दिसेनाशी झाली होती. तिच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात "पालकांच्या अर्जावरून" एवढेच होते, पण पूर्वीची शाळा म्हणून तासगाव तालुक्यातल्या एका गावाची जिल्हा परिषदेची शाळा लिहिलेली होती. तू एका रविवारी त्या गावी गेलास. त्या आडनावाची भावकी मोठी, तीन वाड्यांत विखुरलेली. पण रजिस्टरात वडिलांचे नाव होते आणि गावात माणूस वडिलांच्या नावाने लवकर सापडतो. पारावरच्या म्हाताऱ्यांनी तुला तिच्या भावाच्या द्राक्षबागेपर्यंत पोहोचवले. ती अथणीकडे दिलेली होती, तिचा स्वतःचा फोन नव्हता, म्हणून भावाने तिच्या सुनेचा क्रमांक दिला.

तू फोन केलास तेव्हा ती म्हणाली, "मी दहावी झालेच नाही रे. तुमच्या मेळाव्याला मी कशी येऊ?" तू तिला एवढेच सांगितलेस, की सरांनी एक्केचाळीस म्हणून तुझे नाव न अडखळता घेतले आहे आणि ते त्या दिवशी हजेरी घेणार आहेत. ती सुनेला घेऊन आली. चित्रकलेच्या वर्गात सर खुर्चीवर बसून हजेरी घेत होते आणि एक्केचाळीस आल्यावर ती उभी राहून "हजर" म्हणाली, तेव्हा तिचा आवाज आठवीतल्या मुलीचा होता असे मला वाटले. त्या दिवशी अडतीस जण हजर होते. आपल्यातून गेलेल्या चौघांची नावे सरांनी वगळली नाहीत. नाव घेतले, थांबले आणि पुढे गेले.

तुझी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. तू ठरावीक वर्गणी ठेवली नाहीस. दाराशी एक बंद पेटी ठेवलीस, ज्याने त्याने नाव न लिहिता पाकीट टाकावे म्हणून. वर्गणीचा आकडा निमंत्रणात छापला की ज्याची परिस्थिती बेताची, तो "त्या दिवशी जमणार नाही" असे कळवतो आणि आपल्याला खरे कारण कधीच समजत नाही. जेवण साधे होते, भडंग भरपूर होते, आणि हिशेब पुरा झाला.

आता सर्व वर्गमित्रांना आणि मैत्रिणींना विनंती. छप्पन्नांपैकी सत्तेचाळीस जण आज आपल्याला ठाऊक आहेत. त्यांतले एक्केचाळीस व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात आहेत आणि सहा जणांकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही. समूह आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. एखाद्याने क्रमांक बदलला आणि ॲपमध्ये तो बदल नोंदवला नाही, तर आपले निरोप जुन्या क्रमांकाकडेच जात राहतात. आणि सलग १२० दिवस वापर नसेल तर खातेच काढून टाकले जाते आणि समूहातले नावही जाते. बोलण्याच्या गर्दीत एक नाव कमी झालेले कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तू केलेली कागदावरची यादीच आपला खरा आधार आहे. तीत मैत्रिणींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे असावीत, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या क्रमांकाबरोबर घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा क्रमांक असावा. ज्या सहा जणांकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी जवळ राहणाऱ्या एकेकाने निरोप पोहोचवण्याची जबाबदारी घ्यावी. अथणीची जबाबदारी मिरजेच्या मैत्रिणीने मेळाव्यातच घेतली आहे. दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होते त्या आठवड्यात, प्रत्येकाने तुला एक फोन करून आपली नोंद तपासावी. समूहाचा दुवा किंवा कोणाचा क्रमांक या स्मरणिकेत मुद्दाम छापलेला नाही, कारण ही स्मरणिका अनोळखी हातांतही जाईल.

शाळेची जुनी कौलारू रांग आता राहिली नाही. आपला वर्ग होता त्या जागी जिना आहे, आणि मेळाव्याच्या दिवशी मी त्या जिन्याखाली थोडा वेळ उभा राहिलो. वाईट वाटले, ते लपवत नाही. पण सरांनी त्याच दिवशी तुझ्या यादीची एक प्रत मागून घेतली. पाच क्रमांक अजून सापडलेले नाहीत: सहा, एकोणीस, अठ्ठावीस, चव्वेचाळीस आणि बावन्न. सरांनी खिशातून पेन्सिल काढून त्या पाचांपुढे बारीक टिंब दिले आहे. त्या पाचांपैकी कोणी हे वाचत असेल, किंवा त्यांना ओळखणारे कोणी असेल, तर शाळेच्या कार्यालयात नाव आणि आपला ठावठिकाणा लिहून ठेवावा. कार्यालयातून तो तुझ्याकडे पोहोचेल, आणि तू तो विश्रामबागेत नेऊन देशील याची मला खात्री आहे.

तुझा,
हजेरी क्रमांक एकतीस, दहावी ब, १९८७