आमची वाटचाल : तीन महिन्यांचा प्रस्ताव

2023 च्या ऑगस्टमध्ये, अधिक श्रावणातील जावयांच्या वाणाची चांदीखरेदी संपत आली असताना, कोल्हापुरातील गुजरीतल्या आमच्या पेढीला एका तरुणीचे दोन पानी पत्र आले. त्या स्वतंत्रपणे समाजमाध्यमांचे काम पाहतात. त्याआधी एका एजन्सीने आमचे फॉलोअर भरभर वाढवून दिले होते, परंतु त्यांतील एकानेही दागिन्याची चौकशी केली नव्हती. म्हणूनच पत्रातील पहिले वाक्य मनाला भिडले : फॉलोअर नव्हे, तर चौकशा आणि त्यांतून दुकानाची पायरी चढलेली गिऱ्हाइके मोजू.

योजना दिवाळीपासून उलटी मोजत आणलेली होती. धनत्रयोदशी 10 नोव्हेंबरला होती. हाताने घडवायच्या कोल्हापुरी साजाला काही आठवडे लागतात, त्यामुळे त्याची मागणी दसऱ्याआधीच नोंदवली गेली पाहिजे. म्हणून पहिल्या महिन्यात केवळ छायाचित्रे, दुसऱ्यात कारागिराच्या हातांतून साजाची पाने कशी घडतात आणि दागिन्यावरील हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर कसा तपासावा याच्या छोट्या चित्रफिती, आणि पैसे देऊन करायची जाहिरात शेवटच्या महिन्यात, तीही तयार ठुशी व कानातल्यांपुरती आणि जिल्ह्यापुरतीच, असा क्रम त्यांनी सुचवला. कोणत्या दागिन्याची चौकशी अधिक होते हे कळण्यापूर्वी जाहिरातीवर खर्च करू नये, हे त्यांचे कारण आम्हाला पटले.

छायाचित्रांबाबत त्या फार काटेकोर होत्या. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली बावीस कॅरेटचे सोने तांबूस दिसते, म्हणून सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून दागिना गळ्यात घालूनच छायाचित्र घ्यावे. खाली वजन ग्रॅममध्ये लिहावे, किंमत लिहू नये, असे पत्रात होते. ही शेवटची सूचना आम्ही दुसऱ्याच आठवड्यात मोडली. एका ठुशीची किंमत लिहिली, पुढे सोन्याचा भाव चढला, आणि एक ताई मोबाइलमधील तेच चित्र दाखवत गल्ल्यापाशी उभ्या राहिल्या. आम्ही लिहिलेल्या किमतीतच ठुशी दिली. त्यानंतर किंमत व घडणावळ विचारणाऱ्याला त्या दिवसाच्या भावाने व्हॉट्सॲपवरच कळवू लागलो.

उत्तरे मात्र पेढीतील माणसानेच, दुकान उघडे असताना तासाभरात द्यावीत, ही त्यांची अट होती. वजन, खडे, मोड यांबद्दल बाहेरच्या व्यक्तीने बोलणे योग्य नव्हे. खाते पेढीच्या नावावर राहील आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश असेल, हेही लेखी होते.

आम्ही पावतीपुस्तकाशेजारी एक वही ठेवली आणि प्रत्येकाला ‘कुठून कळले?’ असे विचारू लागलो. दिवाळीपर्यंत ठुशीच्या 31 चौकशा नोंदल्या गेल्या, त्यांतून 9 ठुश्या विकल्या गेल्या. साजाच्या मागण्या दोनच आल्या, परंतु दोन्ही दसऱ्याआधी आल्या आणि दोन्ही वेळेवर देता आल्या. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईसाठी आम्ही त्यांच्याकडून पुढच्या तीन महिन्यांचे पत्र मागवले.