मेहनत दिसली

सोमवार, रात्री साडेअकरा

"मेहनत दिसते हं तुझी," मावशी म्हणाली. कौतुकानंच म्हणाली. मीही हसले. काल संध्याकाळपासून ते वाक्य मात्र दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचतंय.

दादाच्या साठीचं भाषण. आठ दिवस लिहीत होते. वीणा ऑफिसातून तशीच आली, केसांना जेमतेम क्लिप, दोन मिनिटं बोलली आणि सगळे डोळे पुसायला लागले. "हिला काय, सहज जमतं." हे तिच्याबद्दल. माझ्याबद्दल, मेहनत.

आईची आठवण झाली. असो.

झोप येईना म्हणून कास्तिल्योने या जुन्या इटालियन दरबारी लेखकाचं 'द बुक ऑफ द कोर्टियर' काढलं. काळ १५०७, इटलीतलं उर्बिनो. ड्यूक आजारी, लवकर झोपणारा. त्यामुळे रात्री मंडळी जमायची ती डचेस एलिझाबेत्ताच्या दालनात, आणि आदर्श दरबारी माणूस कसा असावा यावर चार रात्री गप्पा. पहिल्याच रात्री काउंट लुदोविको एक शब्द काढतो, जरा नवाच आहे असं म्हणून: स्प्रेत्सातुरा. माणसानं जे करायचं ते असं करावं की त्यामागची कला झाकली जाईल, विनासायास, जवळजवळ विचार न करता झाल्यासारखं वाटेल. याच्या उलट तो आटापिटा. त्याला खडकासारखं टाळायचं.

आपण याला सहजता म्हणू, पण पुरत नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ तुच्छ लेखणं. त्या सहजतेत 'हे तर माझ्या डाव्या हातचं' असा एक तोरा आहे. आणि त्याचा हिशोबही काउंट उघड सांगतो: एवढं चांगलं जो इतक्या सहज करतो त्याला प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक येत असणार, असं बघणारा स्वतःच धरून चालतो. चित्रकाराचा एकच न अडखळता ओढलेला फटकारा पुरतो. उलट घाम दिसला, की बघणाऱ्याला वाटतं, हिचं एवढंच होतं, सगळं काढून ठेवलं.

हेच. मावशीला काल हेच वाटलं असणार.

प्राचीन ग्रीसमधल्या अपेलिस या चित्रकाराची गोष्टही तो तिथेच सांगतो. प्रोतोजेनिसच्या चित्राबद्दल अपेलिस म्हणाला, बाकी सगळं त्याला येतं, फक्त फळ्यावरून हात कधी उचलायचा ते कळत नाही. माझा अकरावा मसुदा आठवला. दहावा बरा होता.

इथपर्यंत वाचून मी स्वतःची भरपूर कीव करून घेतली. मग रोबेर्तो आला.

आटापिट्याची चेष्टा चालू असते. कोणा पियेरपाओलोचा नाच सांगतात: पंजांवर उड्या, डोकं लाकडाचं असावं तसं ताठ, जणू पावलं मोजतोय. तेव्हा मंडळींतलाच बिब्बिएना म्हणतो, बेफिकिरीच हवी तर आपल्या रोबेर्तोला तोड नाही! आपलं लक्षच नाही हे दाखवायला तो नाचता नाचता अंगावरचा झगा खाली पडू देतो, पायातले सपाते निसटू देतो, आणि न उचलता नाचत राहतो. काउंट म्हणतो, अरे, हाच तर आटापिटा. विचार नाही हे दाखवण्याचा केवढा तो विचार!

इथे मी पुस्तक मिटलं. कारण काल भाषणाचा कागद मी 'विसरले' होते. पर्समध्येच होता. "अगं बाई, कागद कुठे गेला," हे वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं होतं. पदर जरा घसरलेला ठेवावा का, हाही विचार केला होता. सपाते, म्हणजे. टायचं मागचं टोक पुढच्यापेक्षा मुद्दाम लांब सोडणारे आजचे शौकीन पुरुष म्हणजे रोबेर्तोचेच वारस. मूळ पुस्तकात कपड्यांबद्दल सल्ला अगदी साधा, गडद रंग, शक्यतो काळा. राफाएलनं रंगवलेला कास्तिल्योने तसाच आहे: काळा, करडा, थोडा पांढरा. ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. किती वेळ लागला असेल ते नेसायला, पण दिसत नाही.

आणि आता मला हसू येतंय ते प्रस्तावनेमुळे. हा गृहस्थ लिहितो की पुस्तक आपण थोड्याच दिवसांत लिहून काढलं. छापून आलं १५२८ मध्ये, व्हेनिसला. मधली जवळजवळ वीस वर्षं तो त्यावर काम करत होता. खाडाखोडीची हस्तलिखितं आजही आहेत. म्हणजे स्प्रेत्सातुराचं पहिलं प्रात्यक्षिक प्रस्तावनेतच. आणि आपण ती हस्तलिखितं उघडून बसलो, म्हणून त्याचीही मेहनत दिसलीच.

वीणानं किती वेळा म्हणून बघितलं असेल? क्लिप तर फार नेमकी बसली होती. विचारणार नाही. तिनंही सांगू नये.

मावशीला उद्या फोन करायचा आहे, उरलेल्या लाडवांचं काय करायचं ते विचारायला. काय बोलायचं ते आत्ताच ठरवायला लागले होते, तेवढ्यात थांबले.