रामबागेतल्या गच्चीवर ‘अर्रिबा, अबाहो’

पुण्याहून रात्रभर बसचा प्रवास करून इंदूरला पोचले ते मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी. मावशीचं घर रामबागेत, त्यामुळे जिन्यापासूनच मराठी ऐकू यायला लागलं. बहिणीचे माद्रिदचे दोन सहकारीही आले होते. संध्याकाळी गच्चीवर ग्लास भरले आणि त्यांनी त्यांच्याकडचा खेळ शिकवला: अर्रिबा, अबाहो, अल सेंत्रो, पा देंत्रो. पहिल्या शब्दाला ग्लास वर, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला सगळ्यांचे ग्लास मध्ये एकमेकांना टेकवायचे आणि चौथ्याला प्यायचं. सगळ्यांनी एकदम ओरडायचं.

मावशीची फर्माईश आली, "अगं, हे मराठीत म्हणा की, म्हणजे आम्हीही म्हणू!"

भाच्याने लगेच सुचवलं, "वर, खाली, मध्यभागी, आत." अर्थ चोख, पण हात अडखळले. स्पॅनिशचे चारही तुकडे तीन-तीन अक्षरांचे, जोर मधल्या अक्षरावर, आणि शेवटच्या दोघांचं यमक. ‘मध्यभागी’ लांबतं, तोवर ग्लास टेकवून झालेले असतात. ‘आत’ तर ग्लास ओठांशी यायच्या आधीच संपतो. अशा घोषणेत शब्द हाताच्या हालचालीइतकाच लांब हवा.

मी म्हणून पाहिलं, "वरती, खालती, मधोमध, गटागट!" पहिले दोन शब्द एका घडणीचे, पुढचे दोन दुसऱ्या. ‘मधोमध’ आणि ‘गटागट’ दोन्हींत जोर बरोबर दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि ‘गटागट’मध्ये तर पिण्याचा आवाजच आहे. दुसऱ्या फेरीला सगळी गच्ची एका सुरात म्हणत होती, माद्रिदकरही. पंगतीत एकाने "पार्वतीपते" म्हटलं की "हर हर महादेव" आपोआप येतं ना, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली आजीच्या खोलीत शिकंजी आली. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ती दुधाची, दाट, केशर आणि सुकामेवा घातलेली. सराफ्यात सोन्याची दुकानं मिटल्यावर रात्री जी खाऊगल्ली भरते, तिथेही ती मिळते. आजीलाही घोषणा हवी होती, पण शिकंजी गटागट जात नाही. घाईने घोट घेतला की बदामाचे काप घशाशी येतात. शिवाय आजीसमोर ‘गटागट’ म्हणायला जीभ रेटेना. तेव्हा शेवटचा शब्द बदलला आणि पंगतीत यजमान म्हणतात तोच घेतला: "वरती, खालती, मधोमध, सावकाश!"

त्यात आदल्या रात्रीचा झटका नाही, शेवटच्या दोन शब्दांची जोडीही सुटते. पण दाट पेयाला आणि वडीलधाऱ्यांना लांबणारा शेवटच शोभतो. आजीने पेला जेमतेम खांद्यापर्यंत उचलला, ‘सावकाश’ चांगलं लांबवून म्हणाली आणि माद्रिदकरांना म्हणाली, "होऊ द्या, बाळांनो, अजून आहे."