आधी मोठी, मग लाल

«मॅडम, 'अ रेड बिग कार' असं लिहिलं तर ती व्याकरणाची चूक धरायची, की ते नुसतंच कानाला खटकतं? मला त्यात एक मार्क गेला.»

ती व्याकरणाची चूक नाही. मात्र 'नुसतेच खटकते' हे शब्दही मला अपुरे वाटतात, कारण त्या खटकण्याला कारण आहे, आणि ते कारण एकदा लक्षात आले की कोणती शब्दरचना खरोखर चुकली आणि कोणती फक्त अवेळी वापरली गेली, हे आपले आपल्याला ठरवता येते. इंग्रजी शिकवायला लागल्यापासून बहुधा दर वर्षी कोणीतरी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येते, म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आधी मराठीत पाहू, कारण तिथे आपला कान आपल्याला फसवत नाही. 'मोठा गाडी' असे कोणी म्हटले, तर ते कोणत्याही प्रसंगात बरोबर ठरत नाही. बोलणारा रागावलेला असो, गाडी कितीही मोठी असो, समोर दहा गाड्या असोत की एकच असो, 'गाडी' स्त्रीलिंगी असल्यामुळे 'मोठी' व्हायलाच हवे. ही व्याकरणाची चूक. आता 'लाल मोठी गाडी' म्हणून पाहा. जीभ किंचित अडखळते, 'मोठी लाल गाडी' अधिक सहज वाटते, पण लिंग, वचन, विभक्ती यांपैकी काहीही बिघडलेले नसते. इंग्रजीतही हाच भेद आहे. 'रेड अ कार' किंवा 'अ रेड कार्स' यांना वाचवणारा प्रसंग शोधून सापडत नाही. 'अ रेड बिग कार'ला मात्र सापडतो, आणि तोही रोजच्या व्यवहारातला.

अकरावीच्या एका वर्गात मी हे खिडकीतून दाखवले होते. आवारात चार मोटारी उभ्या होत्या: दोन मोठ्या पांढऱ्या, एक मोठी लाल आणि कोपऱ्यात एक छोटी लाल. मी मुलांना म्हटले, की आधी पांढऱ्या गाड्या तिथे नाहीत असे समजा आणि फक्त इंग्रजी समजणाऱ्या चालकाला कोणती गाडी हलवायची ते सांगा. राहिल्या दोन लाल गाड्या, त्यांत फरक आकाराचा, आणि सगळ्यांनी न चुकता 'द बिग रेड कार' लिहिले. मग मी प्रसंग बदलला. तिन्ही मोठ्या गाड्या फाटकात आडव्या आल्या आहेत, बोलणे त्या तीन मोठ्या गाड्यांबद्दलच चालले आहे, आणि चालक विचारतो, की त्या मोठ्या गाड्यांपैकी नेमकी कोणती? या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी आपण होऊन म्हणाली, 'द रेड बिग कार', आणि 'रेड'वर तिने जोर दिला. वर्गात कोणालाही ते खटकले नाही. मराठीतही त्या क्षणी आपण 'अहो, ती लाल मोठी गाडी' असेच म्हणून जातो. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे अशा वेळी पुष्कळदा नेहमीचाच क्रम ठेवून 'रेड'वर फक्त आघात देतात, हेही मी वर्गात सांगितले. म्हणजे उलट क्रम इथे सक्तीचा नाही, पण मोकळा आहे.

या प्रसंगात काय घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. नामाला चिकटून असलेले विशेषण आधी नामाशी जुळते आणि दोघांचा मिळून एक गट तयार होतो. त्याच्या बाहेरचे विशेषण मग त्या गटातून निवड करते. 'बिग रेड कार' म्हणताना लाल गाड्यांचा गट आधी मनात येतो आणि त्यातली मोठी उचलली जाते. 'रेड बिग कार' म्हणताना मोठ्या गाड्या आधीच समोर असतात आणि त्यांतून लाल उचलली जाते. मुलीच्या वाक्यामागे खरे तर 'मोठ्या गाड्यांमधली जी लाल आहे ती' असा अर्थ दडलेला होता. असा गट आधीच ठरलेला नसताना कोणी 'मी काल अ रेड बिग कार पाहिली' असे म्हटले, की ऐकणारा नकळत मोठ्या गाड्यांचा कोणता विषय चालला होता ते शोधू लागतो, आणि तो सापडत नाही म्हणून वाक्य त्याला खटकते.

क्रम अर्थ वाहतो याची याहून स्पष्ट खूण हवी असेल, तर जुन्या नाण्यांच्या बाजारात चला. 'जुने नकली नाणे' म्हणजे पूर्वी कधीतरी कोणी पाडलेले खोटे नाणे. ते खोटे आहे, पण खरोखर जुने आहे, आणि संग्राहकाला त्याचेही मोल असू शकते. 'नकली जुने नाणे' म्हणजे जुन्याचा आव आणणारे नाणे. ते गेल्या आठवड्यात ओतलेले असू शकते. इंग्रजीतही 'ओल्ड फेक कॉइन' आणि 'फेक ओल्ड कॉइन' यांत हाच फरक आहे. इथे दोन्ही क्रम शुद्ध आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. विशेषणांचा एकच क्रम व्याकरणाने बांधून दिलेला असता, तर या दोन नाण्यांपैकी एकाबद्दल आपल्याला बोलताच आले नसते. लाल आणि मोठी या जोडीत मात्र क्रम उलटला तरी हाती येणारी गाडी बहुतेक वेळा तीच असते. उलट क्रमाने अर्थात काही भर पडत नसेल, तर रूढ क्रम मोडायला कारण उरत नाही, आणि म्हणून तिथे रूढी इतकी घट्ट वाटते.

पण ही रूढी 'आधी आकार, मग रंग' अशीच का पडली, आणि इंग्रजीशी इतके दूरचे नाते असलेल्या मराठीतही कानाला तोच क्रम का रुचतो? मला सर्वांत पटलेले उत्तर ग्रेगरी स्कोंट्रास, ज्युडिथ डेगन आणि नोआ गुडमन या भाषेच्या अभ्यासकांनी 2017 साली मांडले. त्यांची कसोटी सोपी आहे. एखादी गाडी मोठी आहे की नाही यावर दोघांचे मतभेद झाले, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण रोज ट्रक चालवणाऱ्याची 'मोठी' वेगळी आणि दुचाकीवाल्याची वेगळी. ती लाल आहे की नाही यावर वाद झाला, तर बहुधा दोघांतला एक चुकतो आहे असे आपण मानतो. ज्या विशेषणात बोलणाऱ्याच्या मताचा वाटा अधिक, ते नामापासून दूर जाते. ज्यावर सहज एकमत होते, ते नामाजवळ राहते. इंग्रजी बोलणाऱ्यांचा विशेषणक्रमाचा कल या एका मापाने बऱ्याच अंशी सांगता येतो, असे त्यांना आढळले. पाठ्यपुस्तकात मत, आकार, वय, आकृती, रंग, मूळ, द्रव्य अशी लांब यादी पाठ करून घेतली जाते, तिच्यापेक्षा ही एक ओळ माझ्या विद्यार्थ्यांच्या अधिक ध्यानात राहते.

रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002 सालच्या इंग्रजी व्याकरणात या भेदाला पक्की जागा आहे. शब्दक्रमाचे काही निर्बंध ताठ असतात आणि ते मोडले की रचनाच मोडते; काही लवचिक असतात, म्हणजे तो नेहमीचा कल असतो आणि प्रसंग पडला तर तो बाजूला ठेवता येतो. उपपद नामाआधीच्या विशेषणांच्याही आधी येणे हे पहिल्या प्रकारात मोडते, आकार आणि रंग यांचा क्रम दुसऱ्या. याउलट मत असणारेही मोठे अभ्यासक आहेत. ग्विल्येल्मो चिंक्वे आणि त्यांच्या परंपरेतले वाक्यरचनाशास्त्रज्ञ प्रत्येक प्रकारच्या विशेषणाला वाक्याच्या सांगाड्यातच ठरलेली जागा आहे असे मानतात. त्यांचा अभ्यास मी आदराने वाचते, तरीही खिडकीपाशी त्या मुलीने उच्चारलेले वाक्य अशुद्ध होते असे मला म्हणवत नाही. आणि एखादे विशेषण संक्षिप्त संबंधी उपवाक्यासारखे, म्हणजे 'जी लाल आहे' याच्या आटोपशीर रूपासारखे, आत येऊन क्रम बदलू शकते, हे तेही मान्य करतातच.

सगळाच क्रम लवचिक आहे असाही याचा अर्थ नाही. 'स्पोर्ट्स कार' घ्या. 'अ रेड स्पोर्ट्स कार' ठीक आहे. 'अ स्पोर्ट्स रेड कार'साठी मी कितीतरी प्रसंग रचून पाहिले आणि एकही टिकला नाही. 'स्पोर्ट्स' हे इथे गाडीचा गुण सांगणारे विशेषण नसून नामाशी जोडला गेलेला शब्द आहे, आणि त्या जोडाच्या मधे रंग शिरू शकत नाही. आपल्याकडे भाजीवाल्याला 'मोठी हिरवी मिरची द्या' म्हणताना 'हिरवी मिरची' हा असाच जवळजवळ एक शब्द झालेला असतो.

याच कारणाने कधी आकाराचा शब्दही रंगापेक्षा नामाजवळ येऊन बसतो. 'ग्रेट डेन' ही कुत्र्याची जात, म्हणून 'अ ब्राउन ग्रेट डेन' हेच बरोबर, यादी काहीही म्हणो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी 1955 साली कवी ऑडेन यांना लिहिलेल्या पत्रात लहानपणची आठवण सांगितली आहे. सातएक वर्षांचे असताना त्यांनी एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली, आणि 'अ ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'अ ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावे लागते, असे आईने सांगितले. असे का, याचे त्यांना तेव्हा नवल वाटले आणि पुढे इंग्रजी भाषा आणि साहित्याचे प्राध्यापक झाल्यावरही वाटत राहिले. त्या मुलाच्या मनात ग्रेट डेनसारखी 'ग्रेट ड्रॅगन' नावाची एक जात असती, तर त्याचा क्रम निर्दोष ठरला असता.

आता तुमच्या मार्काविषयी. प्रश्न 'चूक शोधा' असा असेल आणि वाक्यात याखेरीज दुसरे काही नसेल, तर तो प्रश्नच मला अन्यायाचा वाटतो. 'अधिक स्वाभाविक क्रमाने पुन्हा लिहा' असा असेल, तर अपेक्षा रास्त आहे आणि 'बिग' आधी यायला हवे. मी स्वतः निबंध तपासताना अशा जागी लाल पेनने खोडत नाही. दोन शब्दांवर पेन्सिलने 2 आणि 1 असे आकडे घालते आणि मार्क कापत नाही. त्याआधी मात्र मागचे वाक्य वाचते, कारण तिथे मोठ्या गाड्यांचा विषय आधीच निघालेला असेल, तर ते आकडेही घालायचे कारण नसते.